सी-आर्मपासून दूर हलवलेली परिचारिका: गर्भवती कर्मचाऱ्याच्या बदलीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मोठ्या सर्वसाधारण रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागातील आहे. व्यक्ती, संस्था आणि ओळख पटेल असे सर्व तपशील वगळले आहेत. संबंधित परिचारिका सहा वर्षांपासून अस्थिशस्त्रक्रियेच्या ओटीत स्क्रब नर्स, म्हणजे टेबलाशी उभी राहून उपकरणे हातात देणारी परिचारिका, म्हणून काम करत होती. हाड जोडताना खिळा किंवा प्लेट योग्य जागी बसली की नाही हे पाहण्यासाठी तिथे सी-आर्म, म्हणजे शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती फिरवता येणारे क्ष-किरण यंत्र, वापरले जाते. आठवड्यातून साधारण आठ शस्त्रक्रियांत ती सी-आर्म चालू असताना रुग्णाजवळ उभी असे. याच ओटीत आठवड्यातील एक दिवस लहान मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी राखलेला होता आणि त्या दिवशीही बहुधा तिचीच ड्युटी लागत असे.

गरोदरपणाच्या सातव्या आठवड्यात तिने ही बातमी प्रभारी परिचारिकेला लेखी कळवली. विभागात कुणी इतक्या लवकर आणि लेखी कळवल्याचे उदाहरण नव्हते. बहुतेक जणी तीन महिने उलटेपर्यंत गप्प राहत. किरणांच्या बाबतीत ही लेखी सूचना केवळ औपचारिकता नसते. आंतरराष्ट्रीय किरण-संरक्षण आयोगाच्या शिफारशीनुसार गरोदरपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला कामामुळे मिळणारी जादा मात्रा सुमारे १ मिलिसिव्हर्टच्या आत राहिली पाहिजे, आणि हे बंधन संस्थेवर लागू होते ते कर्मचाऱ्याने कळवल्यानंतरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची बदली झाली. प्रभारी परिचारिकेचा हेतू चांगलाच होता. "आता तुम्ही सी-आर्मच्या जवळपासही फिरकायचं नाही, सिस्टर," असे सांगून तिला शेजारच्या रिकव्हरी रूममध्ये पाठवण्यात आले. शस्त्रक्रियेनंतर भूल उतरेपर्यंत रुग्णांना तिथे ठेवत. तिथे क्ष-किरण नव्हते आणि बसायला जागा होती, त्यामुळे प्रश्न सुटला असे सर्वांना वाटले. दुपारपर्यंत बदलीचे कारण संपूर्ण विभागाला कळले होते. ते तिला आवडले नाही, पण तिने तक्रार केली नाही.

समस्या

बदलीनंतर दोन आठवड्यांनी, गरोदरपणाच्या नवव्या आठवड्यात, हर्नियाची शस्त्रक्रिया झालेला चार वर्षांचा मुलगा तिच्या देखरेखीखाली जवळजवळ दीड तास होता. तो रडत असल्याने तिने त्याला बराच वेळ जवळ घेतले होते. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर पुरळ उठले आणि कांजिण्यांचे निदान झाले. कांजिण्यांचा रुग्ण पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच संसर्गकारक असतो आणि विषाणू हवेतूनही पसरतो, त्यामुळे हा संपर्क निःसंशय महत्त्वाचा होता. लहानपणी कांजिण्या झाल्याचे परिचारिकेला आठवत नव्हते. लस घेतल्याची नोंद नव्हती आणि नोकरीवर घेताना कुणी तपासणीही केली नव्हती.

याच टप्प्यावर हे प्रकरण रुग्णालयाच्या कर्मचारी आरोग्य कक्षाकडे आले. सुरुवातीला प्रश्न फक्त कांजिण्यांचा होता. मात्र तिथल्या डॉक्टरांनी विचारले, "मुळात ही परिचारिका रिकव्हरी रूममध्ये का होती?" आणि तिथून संपूर्ण बदलीचीच उलटतपासणी सुरू झाली. सी-आर्मजवळ तिला नेमकी किती मात्रा मिळत होती, हे बदली करताना कुणी पाहिले होते का? पाहिले नव्हते. रिकव्हरी रूममध्ये कोणते धोके आहेत, हे कुणी तपासले होते का? तेही नाही.

पहिला निर्णय: संसर्गानंतर काय करायचे

इथे वेळेला महत्त्व होते आणि कक्षाने तो वाया घालवला नाही. संपर्क कळला त्याच दिवशी रक्त घेऊन कांजिण्यांच्या विषाणूविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडे तपासली. लहानपणी आजार झाल्याचे न आठवणाऱ्या अनेक प्रौढांमध्येही ही प्रतिपिंडे सापडतात, म्हणून केवळ आठवणीवर विसंबून उपचार सुरू करणे किंवा टाळणे दोन्ही चुकीचे ठरते. तिच्या रक्तात मात्र ती सापडली नाहीत.

गरोदरपणाच्या पहिल्या बारा आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्यास गर्भात जन्मजात व्यंग निर्माण होण्याची शक्यता सुमारे ०.४ टक्के असते. तेरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान ती सुमारे २ टक्क्यांपर्यंत जाते. आकडे लहान आहेत, पण गरोदर स्त्रीला कांजिण्यांमुळे होणारा न्यूमोनिया हा स्वतंत्र आणि तिच्या जिवाशी खेळणारा धोका आहे. म्हणून संपर्कानंतर चौथ्या दिवशी तिला कांजिण्यांविरुद्धचे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, म्हणजे व्हेरिसेला झोस्टर इम्युनोग्लोब्युलिन, देण्यात आले. ते लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा दहा दिवसांच्या आत द्यावे लागते. काही देशांत त्याऐवजी आता संपर्कानंतरच्या सातव्या दिवसापासून तोंडावाटे विषाणूरोधक औषध देण्याची पद्धत आहे. कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची असल्याने गरोदरपणात ती देता येत नाही. ती बाळंतपणानंतर द्यायची असे ठरले.

पुढचा भाग अनेकदा विसरला जातो. प्रतिबंधक इंजेक्शन दिल्याने आजाराचा अधिशयनकाळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, लांबू शकतो. प्रतिकारशक्ती नसलेल्या कर्मचाऱ्याला साधारणपणे संपर्कानंतरच्या आठव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत रुग्णांपासून दूर ठेवतात, पण हे इंजेक्शन दिलेले असल्यास ती मुदत अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत वाढवावी लागते. तिला त्याप्रमाणे पगारी सुट्टी देण्यात आली. पुरळ उठले नाही, तापही आला नाही.

ती सुट्टीवर असताना कक्षाला दोन गोष्टी करायला वेळ मिळाला: मागची किरणमात्रा तपासणे आणि रिकव्हरी रूममधली हवा मोजणे.

किरणमात्रेचा हिशेब

अंगावर पडलेली किरणमात्रा नोंदवणाऱ्या तिच्या टीएलडी बॅजच्या मागील चार तिमाहींच्या नोंदी मिळून ०.६ मिलिसिव्हर्ट होत होत्या. बॅज लेड अॅप्रनच्या आत, छातीवर लावलेला असे. मात्र एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे असते, कारण बॅज नियमित लावला तरच त्याची नोंद खरी. अनेक ओट्यांमध्ये बॅज लॉकरमध्ये पडून असतात किंवा खुंटीवर टांगलेल्या अॅप्रनला अडकवलेले असतात, आणि मग कमी आकडा हा सुरक्षिततेचा नव्हे तर निष्काळजीपणाचा पुरावा ठरतो. म्हणून रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी हाच आकडा दुसऱ्या मार्गाने काढून पाहिला.

त्यांनी टेबलावर रुग्णाच्या जागी पाण्याने भरलेला फँटम, म्हणजे शरीराची नक्कल करणारा साचा, ठेवला, सी-आर्म चालू केले आणि स्क्रब नर्स जिथे उभी राहते तिथे, म्हणजे सुमारे एक मीटरवर, मोजणी केली. रुग्णाच्या शरीरावरून विखुरणारे किरण तिथे यंत्र चालू असताना तासाला सुमारे १ मिलिसिव्हर्ट या वेगाने येत होते. ऐकायला हा वेग मोठा वाटतो, पण एका शस्त्रक्रियेत यंत्र प्रत्यक्षात सरासरी दोन मिनिटेच चालू असे. म्हणजे प्रत्येक शस्त्रक्रियेला अॅप्रनच्या बाहेर सुमारे ०.०३३ मिलिसिव्हर्ट. वर्षातील पंचेचाळीस कामाचे आठवडे आणि आठवड्याला आठ शस्त्रक्रिया धरल्या तर अॅप्रनच्या बाहेर वर्षाला १२ मिलिसिव्हर्ट होतात. अर्धा मिलिमीटर शिशाइतके संरक्षण देणारा अॅप्रन या ऊर्जेच्या विखुरलेल्या किरणांपैकी पाच टक्के किंवा त्याहूनही कमी भाग आत येऊ देतो. बारांचे पाच टक्के म्हणजे ०.६. दोन्ही मार्गांनी आलेला आकडा जुळला, म्हणजे बॅज खरोखर लावला जात होता.

आता गर्भाचा विचार. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या क्ष-किरणांच्या बाबतीत पोटाच्या पृष्ठभागावर पडणाऱ्या मात्रेच्या साधारण निम्मी मात्रा गर्भापर्यंत पोहोचते, असे ढोबळमानाने धरतात. या हिशेबाने तिने संपूर्ण गरोदरपणात पूर्वीसारखेच काम चालू ठेवले असते, तरीही गर्भाला मिळणारी मात्रा ०.२ ते ०.३ मिलिसिव्हर्टच्या आसपास राहिली असती. ही मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होती. गर्भाच्या अवयवांवर किंवा मेंदूच्या वाढीवर थेट परिणाम दिसण्याची शक्यता सुमारे १०० मिलिग्रेच्या खाली मानली जात नाही, आणि क्ष-किरणांसाठी मिलिग्रे व मिलिसिव्हर्ट हे आकडे एकच धरता येतात. म्हणजे जिथून तिला घाईने हलवले, तिथला धोका मोजलेला, लहान आणि अधिक लहान करता येण्याजोगा होता.

हाच निष्कर्ष सर्वत्र लावता येणार नाही. ती न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये किरणोत्सारी आयोडीन हाताळत असती तर उत्तर वेगळे आले असते, कारण आयोडीन-१३१ च्या गॅमा किरणांपुढे नेहमीच्या लेड अॅप्रनचा फारसा उपयोग नसतो, आणि श्वासावाटे शरीरात गेलेले आयोडीन वार ओलांडून गर्भाच्या थायरॉइडमध्ये साठते. ही ग्रंथी गरोदरपणाच्या दहा-बारा आठवड्यांपासून आयोडीन घेऊ लागते.

रिकव्हरी रूममधली हवा

मुलांच्या शस्त्रक्रियांच्या दिवशी हातात धरण्याच्या इन्फ्रारेड मापकाने खाटेशेजारी बसलेल्या परिचारिकेच्या तोंडाच्या उंचीवर नायट्रस ऑक्साइड हा भूलवायू मोजला. एकाच वेळी तीन मुले भूल उतरण्याच्या अवस्थेत असताना आकडा ६० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ६० भागांच्या, वर जात होता. अमेरिकेतील नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेने भूल देण्याच्या काळातील सरासरीसाठी सुचवलेली मर्यादा २५ पीपीएम आहे. काही देशांत कायद्याने आठ तासांच्या सरासरीसाठी १०० पीपीएमपर्यंत मुभा आहे. म्हणजे हा आकडा कोणत्या मापाने पाहता यावर त्याचा अर्थ ठरत होता, आणि कक्षातही त्यावर मतभेद झाले. माझ्या मते त्या वादापेक्षा कारण शोधणे अधिक उपयोगी होते, आणि ते साधे होते: शस्त्रक्रिया संपल्यावर रुग्ण फुफ्फुसांतला वायू उच्छ्वासातून बाहेर टाकतच राहतो, पण रिकव्हरी रूममध्ये भूलयंत्र नसल्याने वायू ओढून घेणारी स्कॅव्हेंजिंगची नळीही नसते. ओटीत तासाला हवा वीस वेळा बदलली जात होती; रिकव्हरी रूमचा पंखा कित्येक महिने बंद होता.

नायट्रस ऑक्साइड बी१२ जीवनसत्त्व निष्क्रिय करतो आणि त्यामुळे डीएनएच्या निर्मितीला लागणारे एक विकर अडते; गर्भाच्या सुरुवातीच्या वाढीबद्दलची चिंता तिथून येते. भूलवायूंशी संपर्क आणि गर्भपात यांचा संबंध दाखवणारी जुनी सर्वेक्षणे मुख्यतः स्कॅव्हेंजिंग नसलेल्या काळातील आणि कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेली आहेत. वायू नीट ओढून घेतला जाणाऱ्या आधुनिक ओट्यांमध्ये तसा खात्रीलायक पुरावा नाही. म्हणजे चिंता कमी होण्याला एक अट आहे आणि ती अट रिकव्हरी रूममध्ये पूर्ण होत नव्हती. "वास येत नाही, म्हणजे गळती नाही," असे तिथल्या कर्मचाऱ्यांनी सांगितले होते. सेव्होफ्लुरेनसारख्या भूलवायूचा वास जाणवू लागतो तेव्हा हवेतील प्रमाण सुचवलेल्या मर्यादेच्या बरेच पुढे गेलेले असू शकते, म्हणून नाकाची साक्ष इथे चालत नाही.

याच पाहणीत मुलांच्या दिवशी वापरल्या जाणाऱ्या भूलयंत्राची स्कॅव्हेंजिंग नळी निर्वात जोडणीतून निसटून खाली लोंबकळत असल्याचेही आढळले. म्हणजे बदलीपूर्वी ती या ओटीत काम करत असताना चिंतेची जागा सी-आर्म नव्हे, तर बहुधा हेच यंत्र होते. त्यातच मुलांना मास्कने भूल देताना मास्कच्या कडांमधून वायू थेट खोलीत येतो.

पर्याय

अठ्ठावीस दिवस संपत आले तेव्हा तिला कुठे परत घ्यायचे हा प्रश्न होता. या वेळी बैठकीला ती स्वतः हजर होती, आणि हा बदल छोटा नव्हता.

रिकव्हरी रूममध्ये परत जाणे लगेच बाद झाले. पंखा दुरुस्त झाला तरी ज्यांच्या लसीकरणाची खात्री नाही अशा मुलांचा निकटचा संपर्क तिथे टाळता येणार नव्हता. निर्जंतुकीकरण विभाग सुचवला गेला, कारण तिथे ना रुग्ण, ना किरण. पण तिथे इथिलीन ऑक्साइड वापरला जात होता, आणि तो वायू कर्करोगजनक तसेच प्रजननाला घातक मानला जातो. एका जागेचा धोका टाळण्यासाठी माणसाला दुसऱ्या न तपासलेल्या जागी बसवायची तीच पद्धत पुन्हा घडणार होती, आणि ते बैठकीत कुणाच्या लक्षात आले नसते तर घडलीही असती. संपूर्ण गरोदरपण बिनपगारी रजेचा पर्याय तिनेच नाकारला. शस्त्रक्रियापूर्व तपासणीच्या बाह्यरुग्ण कक्षात जागा रिकामी नव्हती.

उरला पर्याय तिच्या मूळ ओटीचाच, पण अटींसह. प्रौढांच्या अस्थिशस्त्रक्रिया बहुतेक मणक्यातून दिलेल्या भुलीखाली होत असल्याने तिथे श्वासावाटे देण्याच्या वायूंचा प्रश्नच येत नव्हता. डॉक्टरांना संकोच होता, कारण सहकाऱ्यांना हे उलटे वाटले असते: गर्भवतीला पुन्हा क्ष-किरणांजवळ? तिने मात्र हिशेबाचा कागद दोनदा वाचला, निम्मेपणाचा नियम कुठून आला ते विचारले आणि होकार दिला.

प्रत्यक्ष कृती

तिला स्क्रब नर्सऐवजी फ्लोअर नर्सचे काम देण्यात आले, म्हणजे यंत्र चालू असताना ती दोन मीटरवर राहू शकत होती. अंतर दुप्पट झाले की विखुरलेल्या किरणांची तीव्रता साधारण चौथाईवर येते. तिने दोन अॅप्रन एकावर एक घालण्याची तयारी दाखवली होती. ते नाकारले, कारण पहिल्याच अॅप्रनने अडवलेल्या पंच्याण्णव टक्क्यांवर दुसऱ्याचा लाभ नगण्य आणि पाठीवरचा भार मात्र दुप्पट झाला असता. त्याऐवजी चारी बाजूंनी गुंडाळणारा स्कर्ट-जाकीट प्रकारचा अॅप्रन दिला, कारण फ्लोअर नर्स सामान आणायला वळते तेव्हा समोरूनच झाकणाऱ्या अॅप्रनमधून पाठ उघडी पडते. तो आधी क्ष-किरणांखाली धरून त्यात भेगा नाहीत याची खात्री करण्यात आली.

टीएलडी बॅजसोबत अॅप्रनच्या आत कमरेवर लावण्यासाठी एक इलेक्ट्रॉनिक मात्रामापक दिला, कारण टीएलडीचा निकाल तीन महिन्यांनी कळतो आणि गरोदरपणात तो उशीर परवडत नाही. मापकाचा आकडा दर शुक्रवारी नोंदवहीत लिहायचा ठरला. मुलांच्या शस्त्रक्रियांच्या दिवशी तिची ड्युटी नसावी आणि सांधेरोपणात हाडाच्या सिमेंटच्या वाफा टाळण्यासाठी ते बंद निर्वात मिश्रकातच कालवावे, असेही ठरले.

परतल्यानंतरच्या चौथ्या आठवड्यात मापकाने एका दिवसात ०.०४ मिलिसिव्हर्ट दाखवले. हा एका दिवसाचा आकडा एरवीच्या संपूर्ण आठवड्याच्या सुमारे दहापट होता. प्रभारी परिचारिकेने त्याच दिवशी तिला बाजूला काढण्याची तयारी केली. भौतिकशास्त्रज्ञांनी आधी त्या दिवसाची यंत्राची नोंद पाहिली: मांडीच्या हाडाच्या अवघड शस्त्रक्रियेत सी-आर्म दहा मिनिटे चालले होते. दोन मीटरवर तासाला सुमारे ०.२५ मिलिसिव्हर्ट या वेगाने दहा मिनिटांत अॅप्रनच्या बाहेर बरोबर एवढीच मात्रा होते. आत असती तर ती त्याच्या विसाव्या हिश्श्याची असायला हवी होती. विचारल्यावर कळले की त्या दिवशी मापक अॅप्रनच्या बाहेर अडकवला गेला होता. नोंद खोडली नाही. नोंदीपुढे कारण लिहून ठेवले.

निष्पत्ती

चौतिसाव्या आठवड्यात ती प्रसूतीरजेवर गेली. त्या एका चुकीच्या नोंदीऐवजी तिचे अॅप्रनच्या आतले मूल्य धरून परतल्यापासूनच्या काळाची बेरीज पोटाच्या पृष्ठभागावर सुमारे ०.०८ मिलिसिव्हर्ट आली. कळवण्यापूर्वीचे आठवडेही धरून गर्भाला कामामुळे मिळालेली एकूण मात्रा ०.१ मिलिसिव्हर्टच्या आत राहिली. बाळ मुदतीत जन्मले. प्रसूतीनंतर तिला कांजिण्यांची लस देण्यात आली. बाळ सुदृढ जन्मले हा हे निर्णय बरोबर असल्याचा पुरावा मात्र नव्हे. सुरुवातीच्या चुकीच्या बदलीनंतरही ते बहुधा तसेच जन्मले असते.

रिकव्हरी रूमचा पंखा दुरुस्त झाल्यावर त्याच प्रकारच्या दिवशी केलेल्या मोजणीत नायट्रस ऑक्साइड २५ पीपीएमच्या खाली आला. निसटलेली नळी जोडण्याला पाच मिनिटे लागली. ती किती दिवस तशी होती हे कुणालाच सांगता आले नाही, कारण सकाळच्या भूलयंत्र तपासणीच्या यादीत स्कॅव्हेंजिंगचा प्रवाहदर्शक पाहण्याची ओळच नव्हती. ती नंतर घालण्यात आली.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत महत्त्वाची गोष्ट गरोदरपणाच्या कितीतरी आधीची होती. कांजिण्या, गोवर आणि रुबेला यांविरुद्धची प्रतिकारशक्ती नोकरीच्या सुरुवातीलाच तपासली असती, तर तिला त्याच वेळी लस मिळाली असती. या लसी घेतल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळायची असते, म्हणून ही तपासणी गरोदरपण कळल्यावर करून उपयोग नाही. तेव्हा फक्त धोका कळतो, तो टाळता येत नाही. गर्भाला बाधू शकणाऱ्या पार्व्होव्हायरस आणि सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूंविरुद्ध वापरात असलेली लस नाही, तिथे हातांची स्वच्छता आणि लहान मुलांची लाळ व लघवी हाताळताना नेहमीचीच काळजी एवढाच उपाय उरतो.

दुसरे, बदली एका रात्रीत करण्याची गरज नव्हती. मागील वर्षाच्या बॅजच्या नोंदी विभागातच होत्या आणि त्या पाहायला अर्धा तास पुरला असता. तोपर्यंत तिला दोन मीटर मागे उभे करणे पुरेसे होते. माझ्या मते बदलीचा अधिकार एकट्या प्रभारी परिचारिकेकडे असणे हाच मूळ दोष होता. तिला क्ष-किरणांची भीती ठाऊक होती, कारण दारावर त्याची लाल पाटी आहे; हवेतल्या वायूची आणि रडणाऱ्या मुलाच्या श्वासाची पाटी कुठेच नसते. नव्या पद्धतीनुसार गर्भवती कर्मचाऱ्याला जिथे पाठवायचे त्या जागेसाठीही किरण, वायू, रसायने आणि संसर्ग या चार बाबींचा कागद भरल्याशिवाय बदलीचा आदेश निघत नाही.

तिसरे, गोपनीयता. तिच्या बातमीचा विभागभर झालेला गवगवा पाहून आणखी एका तंत्रज्ञ महिलेने आपले गरोदरपण अकरा आठवडे लपवले होते, असे नंतर कळले, आणि ती मुलांच्या दिवशी त्याच लोंबकळणाऱ्या नळीशेजारी काम करत होती. आता लेखी सूचना थेट कर्मचारी आरोग्य कक्षाकडे जाते आणि विभागाला फक्त कामातील बदल कळवला जातो, त्याचे कारण नाही.